आधी होकायंत्र लाव

चावीचं घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर आधी ते होकायंत्राजवळ धर. सुई हलली की चुंबकत्वाचा संशय घे. माझं एकदा रात्रभर ब्लूटूथ स्पीकरवर राहिलं होतं! आतल्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्सचं चाक भराभर झुलतं.

घड्याळजीला लगेच वेग कमी-जास्त करणारा रेग्युलेटर फिरवू देऊ नकोस. नंतर चुंबकत्व उतरलं की घड्याळ मागे पडेल. तो चुंबकत्व उतरवणाऱ्या डिमॅग्नेटायझरचं बटण दाबून घड्याळ कॉइलजवळ धरतो आणि हळूहळू हातभर लांब नेतो. बटण मात्र लांब नेल्यावरच सोडायचं. जवळ असताना सोडलं तर चुंबकत्व राहू शकतं, मग पुन्हा पहिल्यापासून.