400 × 300 × 250 मिमी आतलं माप असलेल्या 5 प्लाय खोक्याची शीट केवढी लागेल?

*प्रश्न: नागपुरात संत्रा बर्फीचा छोटा व्यवसाय आहे. मास्टर कार्टनचं आतलं माप 400 × 300 × 250 मिमी हवं, 5 प्लाय. कार्टनवाले म्हणतात शीटचं माप आणि क्रीजची मापं तुम्हीच द्या. लांबी-रुंदीच्या बेरजेची दुप्पट अधिक 2 इंच, आणि रुंदी अधिक उंची अधिक 1 इंच, हा हिशोब पुरेसा आहे का?*

शीटचा अंदाज घ्यायला पुरेसा आहे, पण खोकं बनवायला नाही. त्या हिशोबाने कागद किती लागेल ते कळतं, क्रीज, म्हणजे घडीची दाबरेषा, कुठे मारायची ते कळत नाही. हिंगणा एमआयडीसीत मी या कामाला लागलो तेव्हा पहिल्याच ऑर्डरमध्ये ही चूक केली. शीट बरोबर मागवली आणि क्रीज मात्र आतल्या मापावर, म्हणजे उंचीच्या पट्ट्याला नेमके 250 मिमी देऊन मारल्या. घडी घातल्यावर आतली उंची 238 च्या आसपास भरली. वरचा थर झाकणाला टेकला, फ्लॅप मिटेनात आणि टेप दुसऱ्या दिवशी सुटली. पूर्ण लॉट परत आला.

हे का होतं ते आधी पाहू. 5 प्लायची जाडी तुमच्या नमुन्यावर कॅलिपरने मोजा. मी 6 मिमी धरतो, तुमची 7 निघाली तर खालचे आकडे त्याप्रमाणे बदला. शीट क्रीजवर वळते तेव्हा कोपऱ्यात अर्धी जाडी या बाजूला आणि अर्धी त्या बाजूला जाते. म्हणून एका बाजूच्या पट्ट्याचं क्रीज ते क्रीज अंतर आतल्या मापापेक्षा एका जाडीने जास्त ठेवावं लागतं. लांबीचा पट्टा 406, रुंदीचा 306.

चारपैकी शेवटचा पट्टा वेगळा. त्याची एक कड मोकळी असते आणि ती जोडपट्टीवर, म्हणजे स्टिचिंगच्या फ्लॅपवर बसते. तोही 306 ठेवला तर कड कोपऱ्याबाहेर डोकावते आणि खोकं तिरकं उभं राहतं. म्हणून तिथे जाडीच्या निम्म्याने, साधारण 3 मिमी कमी करून 303 धरतो. जोडपट्टी 35 मिमी.

उंचीला मात्र जाडी दोनदा लागते. वर आणि खाली दोन्ही टोकांना आतला फ्लॅप आधी वळतो आणि बाहेरचा त्यावर बसतो, पण क्रीज दोघांची एकाच रेषेत असते. बाहेरचा फ्लॅप आतल्याला खोक्याच्या आत ढकलतो, म्हणून प्रत्येक टोकाला एक जाडी जादा द्यायची. 250 अधिक 12, म्हणजे 262.

फ्लॅप लांबीच्या पट्ट्याला असो की रुंदीच्या, खोली सगळ्यांची सारखीच, रुंदीच्या पट्ट्याच्या निम्मी. 306 चा अर्धा 153. बाहेरचे दोन फ्लॅप मधोमध कडेला कड लावून मिटतात. आतल्या दोन फ्लॅपमध्ये मात्र 400 मधून 306 गेले की साधारण 94 मिमीची फट राहते. ती या खोक्याच्या रचनेतच आहे, चूक समजू नका. बर्फीच्या डब्याचा तळ नाजूक असेल तर तिथे पुठ्ठ्याचा तुकडा टाका.

```
लांबीकडे:  35 | 406 | 306 | 406 | 303  = 1456 मिमी
रुंदीकडे:  153 | 262 | 153             =  568 मिमी
```

क्रीज मारणाऱ्याला एका टोकापासूनची अंतरं लिहून द्या. लांबीत 35, 441, 747 आणि 1153. आडव्या क्रीज 153 आणि 415 वर. स्लॉट, म्हणजे फ्लॅप सुटे करणारे काप, या उभ्या रेषांवर, दोन्ही कडांकडून, आडव्या क्रीजपर्यंतच कापायचे आणि जोडपट्टी फक्त 262 च्या भागात ठेवायची. स्लॉटची रुंदी जाडीपेक्षा किंचित जास्त, 7-8 मिमी. स्लॉट क्रीजच्या अलीकडे थांबला तर फ्लॅप वळताना कोपरा फाटतो, पलीकडे गेला तर कोपऱ्यात भोक दिसतं.

तुमचा इंचांचा हिशोब आता तपासून पाहा. 1400 अधिक 51 म्हणजे 1451, आणि 550 अधिक 25 म्हणजे 575. आपल्या आकड्यांच्या अगदी जवळ, म्हणूनच तो बाजारात टिकून आहे. पण पट्ट्यांना आपण ठरवलेलं माप दिलं तर 1421 जातात आणि जोडपट्टीला 30 च उरतात. स्टिचिंगला ते जरा तोकडं पडतं.

आता रील, म्हणजे ज्यातून बोर्ड बनतो ती कागदाची गुंडाळी. फ्लूट, म्हणजे बोर्डच्या आतल्या नागमोडी कागदाची नळी, खोक्याच्या उंचीला समांतर हवी, म्हणजे शीटच्या 568 मिमीच्या बाजूने. खोक्यांच्या थप्पीचं वजन उभ्या फ्लूटच पेलतात. कागद वाचतो म्हणून कोणी शीट आडवी फिरवत असेल तर नकार द्या. फ्लूट रीलच्या रुंदीच्या दिशेने पडते, त्यामुळे 568 रीलच्या रुंदीत बसवायचे. दोन्ही कडांना थोडा ट्रिम लागतोच. 24 इंची म्हणजे 610 मिमी रील घेतली तर 42 मिमी वाया. मशीन पुरेसं रुंद असेल तर 46 इंची, 1168 मिमी रीलवर दोन शीट शेजारी काढा. 1136 वापरले जातात आणि 32 मिमी उरतात, तेही दोन शीटमध्ये मिळून. प्रत्येक खोक्यामागे साधारण 0.038 चौरस मीटर वाचतो आणि 5000 खोक्यांना ते 190 चौरस मीटरच्या घरात जातं. कार्टनवाल्याला भाव विचारण्याआधी त्याच्याकडे रील कोणत्या रुंदीची आहे ते विचारा.

माप सांगताना क्रम कायम लांबी, रुंदी, उंची ठेवा आणि लांबी म्हणजे तोंडाची मोठी बाजू. फ्लॅपचं माप रुंदीवरून निघतं, त्यामुळे 300 ला लांबी आणि 400 ला रुंदी म्हणालात तर फ्लॅप 203 होतो आणि शीटची रुंदी 568 वरून 668 वर जाते. तेवढाच माल, कागद मात्र जवळपास पाचव्या हिश्शाने जास्त.

ऑर्डर देण्याआधी एक शीट हाताने कापून घ्या. क्रीज बोथट सळईने दाबा, जोडपट्टी आत घालून टेप लावा, तळ मिटवा आणि आतलं माप लाकडी पट्टीने घ्या. बाजूचं माप पट्ट्याच्या मध्यावर घ्या, कोपऱ्यात नको. उंची आतल्या फ्लॅपच्या पाठीवरून मोजा, फटीच्या जागी नाही. 2 मिमी कमी भरलं तर तेवढे त्या पट्ट्याला वाढवा. नागपूरच्या मे महिन्यात बोर्ड इतका कोरडा होतो की क्रीजवर बाहेरचा लाइनर, म्हणजे वरचा सपाट कागद, तडकतो. तेव्हा शीटचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायला सांगा आणि घडीची चाचणी त्याच गठ्ठ्यातली शीट काढून घ्या.