ईस्टरच्या नियमातली 'पौर्णिमा' कोणती?

प्रश्न: "ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असं सगळीकडे वाचतो. पण 2019 मध्ये संपात आणि पौर्णिमा दोन्ही 21 मार्चला, धुळवडीच्या दिवशी होऊन गेले. मग ईस्टर 24 मार्चला यायला हवा होता. तो 21 एप्रिलला कसा? इथे 'पौर्णिमा' वेगळ्या अर्थाने वापरतात का?"

हो, वेगळ्या अर्थाने वापरतात, आणि 'संपात'ही. 2019 हे ते पकडायला अगदी नेमकं साल आहे.

आधी आकाशातलं बघू. 21 मार्च 2019 ला आपल्या घड्याळात पहाटे साडेतीनच्या सुमारास संपात झाला, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे आला. सकाळी सव्वासातला, म्हणजे सोलापुरात सूर्य उगवून साधारण पाऊण तास झाल्यावर, पौर्णिमा पूर्ण झाली. आधी संपात, मग पौर्णिमा. तेव्हा तुमचं 24 मार्चचं गणित आकाशाच्या हिशेबाने बरोबरच आहे.

चर्च मात्र आकाशाकडे बघून तारीख ठरवत नाही. तिथे 'संपात' म्हणजे 21 मार्च ही कायमची ठरलेली तारीख. खरा संपात त्याच्या आदल्या दिवशी झाला तरी फरक पडत नाही. आणि 'पौर्णिमा' म्हणजे कोष्टकातल्या चांद्रमासाचा चौदावा दिवस. हे कोष्टक 19 वर्षांच्या चक्रावर बसवलेलं आहे, कारण 19 सौर वर्षांत जवळजवळ बरोबर 235 चांद्रमास बसतात. बारा महिन्यांच्या हिशेबाने 228 होतात, वरचे सात जादा. पंचांग बघणाऱ्या माणसाला हे सात ओळखीचे वाटतील: आपल्याकडेही साधारण 19 वर्षांत सातच अधिक महिने येतात.

आता 2019 कोष्टकात घालू. सालाला 19 ने भागलं की बाकी 5 उरते. तिच्यात एक मिळवायचा, म्हणजे चक्रातलं सहावं वर्ष. सहाव्या वर्षी कोष्टकातला एक महिना 7 मार्चला सुरू होतो, त्याचा चौदावा दिवस 20 मार्च. झालं! एका दिवसाने हुकलं. 21 मार्चच्या अलीकडची पौर्णिमा चालत नाही, म्हणून पुढचा महिना धरायचा. तो 5 एप्रिलला सुरू होतो, चौदावा दिवस 18 एप्रिल. कोष्टकातली ही सर्वांत उशिराची पौर्णिमा. सोलापूरकरांना ती तारीख लोकसभेच्या मतदानामुळे आठवत असेल. वार गुरुवार होता, पुढचा रविवार 21 एप्रिल. म्हणजे होळीची पौर्णिमा सुटली आणि चैत्राची लागली. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, 19 एप्रिलला होते.

हा हट्ट कशासाठी, असं वाटेल. पौर्णिमा एका क्षणी होते, पण तारीख गावागणिक बदलते. त्याच संपात-पौर्णिमेच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये 20 मार्चची संध्याकाळ आणि रात्र होती. इ.स. 325 च्या निकाया परिषदेत सगळीकडे ईस्टर एकाच रविवारी व्हावा असं ठरलं, आणि कोष्टक असलं की कोणत्याही गावच्या पाद्र्याला पुढच्या शंभर वर्षांच्या तारखा काढून ठेवता येतात. मात्र जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत वर्ष किंचित लांब धरलेलं असल्याने सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात 11 मार्चच्या आसपास सरकला होता. म्हणून 1582 मध्ये दहा दिवस गाळले आणि कोष्टकही दुरुस्त केलं. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुन्याच हिशेबाने चालतात. त्यांचा 2019 चा ईस्टर 28 एप्रिलला होता.

मला स्वतःला ईस्टरच्या नियमाच्या वाक्यात खरी गंमत 'नंतर'ची वाटते. तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा. 'संपातानंतर'मध्ये 21 मार्च धरलेला आहे: त्या दिवशीची पौर्णिमा चालते. 'पौर्णिमेनंतर'मध्ये मात्र तो दिवस वगळलेला आहे. 2025 मध्ये कोष्टकातली पौर्णिमा 13 एप्रिलला, नेमकी रविवारी आली, म्हणून ईस्टर 20 एप्रिलला गेला. ईस्टर लवकरात लवकर 22 मार्चला आणि उशिरात उशिरा 25 एप्रिलला का येतो, तेही यातूनच निघतं: 21 मार्चला शनिवारी पौर्णिमा असली तर पहिली तारीख, 18 एप्रिलला रविवारी असली तर दुसरी.

म्हणून मराठीत नियम लिहायचा तर मी असा लिहीन: '21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या कोष्टकातल्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार.' थोडं लांबतं, पण पंचांग उघडून बसलेला माणूस फसत नाही. करून बघायचं तर 2027 घ्या: बाकी 13, चक्रातलं चौदावं वर्ष, कोष्टकातली पौर्णिमा 22 मार्च, सोमवार. ईस्टर 28 मार्चला. या खेपेला फाल्गुनी पौर्णिमा सुटत नाही.