गोळीची वेळ आणि सायलेंट फोन

कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावूनही ऑफिसात दुपारच्या गोळीची आठवण वाजली का नाही, असं तुम्ही विचारलंत. अँड्रॉइड फोनमध्ये अलार्मचा आवाज वेगळा असतो, रिंग आणि नोटिफिकेशनचा वेगळा. सायलेंट केल्यावर दुसरा बंद होतो, अलार्मचा चालूच राहतो. तुमचं कॅलेंडरमधलं रिमाइंडर ही साधी नोटिफिकेशन, म्हणून ऑफिसात फोन सायलेंटवर असताना दुपारच्या गोळीची आठवण मुकाट येऊन पडली.

गोळीसाठी क्लॉक ॲपमध्ये रोजचा अलार्म लावा आणि त्याला गोळीचं नाव द्या. तो नोटिफिकेशनसारखा एकदाच वाजून थांबत नाही, बराच वेळ वाजत राहतो, हाच खरा फायदा. वीजबिल भरण्यासारखं काम मात्र संध्याकाळी केलं तरी चालतं, त्याला रिमाइंडर पुरे. सगळ्यालाच अलार्म लावलात तर न बघता बंद करायची सवय लागेल.

मात्र सेटिंग्जमध्ये अलार्मच्या आवाजाची पट्टी शून्यावर नाही ना, आणि डू नॉट डिस्टर्बमध्ये अलार्मला परवानगी आहे ना, हे आजच बघा.