इंटिग्रेटिंग फॅक्टर काढताना +C का घेत नाहीत? आणि उत्तराबरोबर इंटरव्हल लिहायलाच हवा का?

C घेतलात तरी काही बिघडत नाही. फॅक्टर e^C पट होतो, दोन्ही बाजूंना तोच गुणला जातो आणि कटतो. इंटरव्हलबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय.

इंजिनिअरिंगच्या एका क्लासमध्ये एम-टू शिकवायचो, तेव्हा तिथल्या सीनियर सरांशी याच गणितावरून वाजलं होतं:

(x − 3)y′ + y = 2x, y(1) = 2

आधी (x − 3) ने भागून समीकरण y′ + Py = Q या रूपात आणायचं, म्हणजे P = 1/(x − 3) आणि Q = 2x/(x − 3). न भागता P = 1 धरून फॅक्टर e^x लिहिणारी पोरं दर बॅचला असतातच. फॅक्टर येतो |x − 3|. आपण x = 1 वरून निघतोय, म्हणजे तो 3 − x; पण उणे चिन्ह दोन्हीकडे कटतं, म्हणून सरळ x − 3 घ्या. मग

((x − 3)y)′ = 2x
(x − 3)y = x² + C

x = 1, y = 2 टाकलं की −4 = 1 + C, म्हणजे C = −5.

y = (x² − 5)/(x − 3)

सरांनी फळ्यावर पुढे "x ≠ 3" लिहिलं आणि विषय संपवला. मी म्हटलं, सर, x < 3 लिहा. तर म्हणे, "पोरांना पास करायचंय की पीएचडी द्यायचीय?" एका मुलीने लगेच विचारलं, मग y(5) किती? सर म्हणाले 10.

कशावरून 10? 3 च्या उजवीकडे C = 7 घेऊन (x² + 7)/(x − 3) लिहा. तेही तिथे समीकरणात चपखल बसतं, डावीकडचं y(1) = 2 तसंच राहतं, आणि y(5) होतो 16. दोन्ही उत्तरं तितकीच खरी असतील, तर सुरुवातीच्या अटीने 5 बद्दल काहीच ठरवलेलं नाही. अट 1 वर दिलीय. तिथून निघून P किंवा Q जिथे तुटतो तिथपर्यंतच तिचा हुकूम चालतो. म्हणून (−∞, 3). "x ≠ 3" लिहिणं म्हणजे नदीच्या या काठावरच्या सातबाऱ्यावर पलीकडची जमीन नावावर करून घेणं.

तेव्हा हो, इंटरव्हल लिहायचाच. परीक्षक मार्क देवो न देवो.

एक मात्र सांगायला हवं. P, Q कुठे तुटतात यावरून मिळतो तो खात्रीचा पट्टा. उत्तर त्यापुढेही धडधाकट असू शकतं. वरच्याच गणितात y(1) = 4 घ्या: C = −9 येतो, x² − 9 मधला x − 3 कटतो आणि उरतं y = x + 3. मूळ समीकरणात ते 3 वरसुद्धा बसतं, 0 + 6 = 6. सरांनी त्या दिवशी हे पुढे केलं असतं तर मी निदान थोडा वेळ तरी गप्प बसलो असतो.