अर्धवट पुस्तक पूर्ण करण्यासाठी अनुदान किंवा रेसिडेन्सीचा अर्ज कसा लिहावा?

प्रश्न : मी जतजवळच्या एका खासगी शाळेत शिकवते. कादंबरी साधारण निम्मी झाली आहे, पण शाळा सांभाळून पुढे सरकत नाही. लेखनासाठी फेलोशिप, रेसिडेन्सी असते असं ऐकलं. अर्जात नमुना लेखन, आराखडा आणि अंदाजपत्रक मागतात. यात नेमकं काय लिहायचं? विशेषतः अंदाजपत्रक, कारण लिहायला खर्च असा काय येतो?

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न मलाही पडला होता. माझा पहिला अर्ज नापास झाला तो त्याच्याच उत्तरात.

अर्जाला हात लावण्याआधी पैसा कशासाठी मिळतोय ते बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पण ती पहिलं पुस्तक छापण्यासाठी. हस्तलिखित पूर्ण झालेलं हवं, म्हणजे तुम्हाला ती पुढच्या टप्प्यावर लागेल. तुमचं वय तिशीच्या आत असेल तर नॅशनल बुक ट्रस्टमार्फत चालणारी पीएम-युवा योजना बघा. तिच्यात सहा महिने दरमहा 50,000 रुपये मिळतात, पण विषय सरकार ठरवतं, त्यात तुमची कादंबरी बसते का ते आधी तपासा. रेसिडेन्सीत बहुधा खोली, जेवण आणि निवांतपणा मिळतो. तिथे अंदाजपत्रक प्रवासापुरतंच असतं.

मी मिरजेत राहतो, कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. माझं पुस्तक हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर आहे. कृष्णाकाठच्या जमिनीत खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात पुष्कळ पेवं गेली आणि त्यांत उतरणारे हमाल आता म्हातारे झालेत. नऊपैकी पाच प्रकरणं लिहून झाली होती.

पहिल्या अर्जात नमुना म्हणून मी पहिलं प्रकरण जोडलं, कारण ते सगळ्यात जास्त घासूनपुसून झालं होतं. त्यात सांगलीच्या बाजारपेठेचा इतिहास होता. आराखड्यात एक वाक्य : ‘उर्वरित लेखन सहा महिन्यांत पूर्ण करीन.’ आणि अंदाजपत्रकात लॅपटॉप, प्रिंटर, पुस्तकाची छपाई. नकाराचं पत्र आलं, सोबत एका परीक्षकाचा दोन ओळींचा शेरा. लेखक सहा महिने काय करणार ते कळत नाही, आणि मागितलेल्या वस्तूंचा त्या सहा महिन्यांशी संबंध दिसत नाही. राग आला, पण माणूस बरोबर होता.

दुसऱ्या वेळी मी उरलेल्या कामापासून सुरुवात केली. उरलेली चार प्रकरणं हमालांच्या आठवणींवर उभी राहणार होती. म्हणून नमुन्यात इतिहास न देता चौथ्या प्रकरणातली बारा पानं दिली. एक आजोबा पेव उघडतात, आतली हवा कशी आहे ते बघायला आधी कंदील सोडतात, तो विझला तर कुणी उतरत नाही. हे त्यांच्याच बोलीत होतं. वर फक्त दोन वाक्यांत संदर्भ. जे लिहायचं राहिलंय तसलंच मला लिहिता येतं, हे परीक्षकाला नमुन्यातच दिसलं. तुमच्या कादंबरीच्या उरलेल्या भागात दुसरं पात्र बोलणार असेल, तर त्या पात्राचं एखादं पान कच्चं का असेना, नमुन्यात येऊ द्या. आणि मर्यादा पंधरा पानांची असेल तर सोळावं पान जोडू नका.

आराखड्यासाठी मी आधीच्या तीन महिन्यांची वही काढली. तास घेऊन माझे महिन्याला सरासरी साडेपाच हजार शब्द होत होते. लिहून झाले होते 52,000, उरलेल्या चार प्रकरणांचे अंदाजे 28,000. मग महिने लावले. हळदीची आवक फेब्रुवारी-मार्चमध्ये चढती असते, तेव्हा बाजारात माणसं भेटतात. म्हणून ते दोन महिने मुलाखती आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातली कागदपत्रं. एप्रिल ते जून लेखन, महिन्याला साधारण 9,300 शब्द. जुलै पुनर्लेखनाला. तास नसताना साडेपाचाचे नऊ हजार होणं पटण्यासारखं आहे. कुणी महिन्याला वीस हजार लिहितो म्हणाला तर परीक्षक मान हलवतो, पण होकारार्थी नाही.

आता अंदाजपत्रक. लिहिण्याचा मुख्य खर्च म्हणजे बुडणारी कमाई, आणि ती मागायला लाजायचं नसतं. मला तासांचे महिन्याला सरासरी 14,000 मिळत. मी आधी सहा महिन्यांचे मांडले होते. अर्ज वाचून दाखवला तेव्हा बायको म्हणाली, ‘एप्रिल-मे तुम्हाला तास असतात कुठे?’ नसतातच. म्हणून चार महिन्यांचे 56,000 लिहिले आणि सुटीतले दोन महिने का धरले नाहीत तेही एका ओळीत सांगितलं. बिनपगारी रजा घेणार असाल तर तुम्हीही कोणते महिने खरोखर बुडतात ते बघा, आणि शाळा रजा देईल असं पत्र आधीच मागून ठेवा.

बाकीचे आकडे असे. पुण्याच्या चार फेऱ्या, एसटी, दोन रात्री मुक्काम आणि जेवण धरून फेरीला 3,500, म्हणजे 14,000. तीस तासांच्या ध्वनिमुद्रणाचं शब्दांकन, तासाला 600 प्रमाणे 18,000. बारा हमालांचा एकेक दिवस मोडणार होता, त्यांना दिवसाचे 800 प्रमाणे 9,600. झेरॉक्स आणि छायाचित्रांच्या प्रतींचे 4,400. एकूण 1,02,000. मर्यादा दीड लाखाची होती, तरी ती गाठायला आकडे फुगवले नाहीत. प्रत्येक ओळीचं बोट आराखड्यातल्या एखाद्या महिन्याकडे जात होतं. लॅपटॉप गेला, छपाई गेली.

तुमच्या कादंबरीत मुलाखती नसतील तर अंदाजपत्रक दोन-तीन ओळींचंच होईल : बुडालेला पगार, घरकामाला किंवा मुलं सांभाळायला ठेवलेल्या बाईंचा पगार (नियमात बसत असेल तर), कथेतल्या गावाची एखादी फेरी. छोटं दिसतं म्हणून त्यात उगीच भर घालू नका.

एक गोष्ट मला पैसे मंजूर झाल्यावर कळली. ते हप्त्यांनी येतात. माझे होते 50, 30 आणि 20 टक्के, आणि शेवटचे 20,400 हस्तलिखित आणि हिशेब सादर केल्यावर. म्हणजे शेवटचा महिना मी पदरच्या पैशांवर काढला. तुमच्या योजनेत हप्ते कसे आहेत ते सही करण्याआधी विचारा. प्रवास, मुलाखती असे रोख खर्च पहिल्या हप्त्यात बसवा आणि शेवटच्या महिन्यात फक्त लिहिणं ठेवा.

हिशेबाचंही तसंच. हमाल काय बिल देणार? मी साधं पावतीपुस्तक घेतलं आणि प्रत्येक भेटीत नाव, तारीख, रक्कम लिहून सही किंवा अंगठा घेतला. 5,000 च्या वरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, माझी कुठलीच तेवढी नव्हती. एका आजोबांनी पैसे घ्यायलाच नकार दिला. ते 800 रुपये मी परत केले आणि का परत करतोय ते हिशेबात लिहिलं.