व्हिडिओवरच्या नोटमध्ये ‘पोट मऊ’ लिहू नका

प्रश्न: व्हिडिओ कन्सल्टेशनमध्ये जे तपासता आलं नाही ते नोटमध्ये कसं लिहायचं? आणि फॉलो-अप किती सविस्तर?

तपासणीच्या मथळ्याखालीच लिहा, शेवटी तळटीप म्हणून नको.

माझ्या इमर्जन्सी ड्यूटीत एक तरुण पोटदुखी घेऊन आला. आदल्या संध्याकाळी एका डॉक्टरांनी त्याला व्हिडिओवर पाहिलं होतं. नोट होती: ‘पोट मऊ, दाबल्यावर दुखत नाही.’ कॅमेऱ्यातून पोट दाबलं कोणी? टेम्प्लेटमधली ओळ तशीच राहिली होती. आम्ही हात लावला तर उजवीकडे खाली पोट कडक, दाबलेला हात सोडताच तो कळवळला. नोट खरी धरली तर हे सगळं रात्रीत बिघडलेलं. खोटी धरली तर कालच असं असेल आणि अपेंडिक्स फुटल्याची शक्यता जास्त. सगळी हिस्टरी पहिल्यापासून घ्यावी लागली.

ती नोट अशी हवी होती: ‘बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं आठ तासांत उजवीकडे खाली सरकलं, भूक नाही. व्हिडिओवर: बोलताना धाप नाही, श्वास मिनिटाला १८. खोकायला सांगितलं, उजवीकडे खाली दुखलं. पेशंटने घेतलेला ताप: काखेत ३७.४ सेल्सियस, पॅरासिटामॉलनंतर दोन तासांनी. नाडी त्याला मोजता आली नाही, बीपीचं यंत्र नाही. पोट हाताने तपासलेलं नाही, म्हणून अपेंडिसाइटिस नाही असं म्हणता येत नाही.’

डॉक्टरने पाहिलेलं, पेशंटने मोजलेलं आणि राहून गेलेलं, हे तिन्ही त्यात वेगळं दिसतं. गोळीची वेळ नसती तर तो ३७.४ फसवा ठरला असता.

फॉलो-अप शेवटच्या वाक्यातूनच निघतो. ‘गरज वाटल्यास दाखवावे’ हा प्लॅन नव्हे. आज रात्री दहाच्या आत सर्जनने प्रत्यक्ष तपासायचं, कुठल्या हॉस्पिटलात, सोबत कोण, आणि तो पोहोचला नाही तर फोन कोण करणार, एवढं हवंच. दुखणं वाढलं, उलट्या सुरू झाल्या किंवा चक्कर आली तर दहाची वाट न पाहता निघायचं, हे त्याच्या तोंडून परत वदवून घ्या आणि घेतलं असं लिहा.

आमचे एक सीनियर म्हणायचे, ‘तपासलं नाही’ लिहिलं की उद्या कोर्टात तेच आपल्यावर उलटतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. कॅमेऱ्यातून जे शक्यच नाही ते तपासलं असं लिहिलेलं सापडलं, की त्या नोटमधल्या खऱ्या ओळींवरही कोण विश्वास ठेवणार? सर, तपासलं नाही म्हणून लगेच पाठवलं, ही बाजू मी कुठेही मांडू शकते.

अर्थात बीपीच्या नेहमीच्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या असतील तर एवढा पसारा नको. घरच्या यंत्रावरचं रीडिंग, ते कधीचं, आणि प्रत्यक्ष तपासणी कोणत्या महिन्यात, एवढं पुरतं. पण टेम्प्लेटमधली आधीच भरलेली पोटाची ओळ मात्र आजच काढा.