सूत्र पाठ आहे, तरी घड्याळाचं उत्तर का चुकतं?

"मॅडम, घड्याळ आणि कॅलेंडरची सगळी सूत्रं पाठ आहेत तरी रिझनिंगच्या पेपरला हेच प्रश्न चुकतात. सूत्र वापरू की सरळ मोजत बसू? मोजण्यात वेळ जाईल अशी भीती वाटते."

असंच विचारणारी एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिला म्हटलं आधी चुकलेले पेपर दाखव. पहिला प्रश्न, 9:10 ला काट्यांमधला कोन किती. तिने सूत्र बरोबर लिहिलेलं, 30 × 9 वजा 5.5 × 10, म्हणजे 270 − 55 = 215, आणि पर्यायात 215 होताच, टिक करून पुढे. पण 180 च्या वर आलं की 360 मधून वजा करायचं असतं, कारण विचारतात तो लहान कोन. उत्तर 145.

मग तिला कागदावर गोल काढायला लावला. मिनिट काटा 2 वर. 9 पासून 2 पर्यंत पाच घरं, एक घर 30 अंशांचं, झाले 150. पण तास काटा 9 वर थांबलेला नसतो ना, तो मिनिटाला अर्धा अंश सरकतो, 10 मिनिटांत 5 अंश पुढे गेला, म्हणून 150 मधून 5 कमी. जेमतेम दहा सेकंद लागले, आणि 215 मनात यायचा प्रश्नच नाही कारण चित्रात लहान बाजू समोर दिसते.

कॅलेंडरचं तर अजून गमतीशीर. 1 मार्च 2024 ला शुक्रवार, तर 1 मार्च 2025 ला कोणता वार? तिने लीप वर्ष म्हणून दोन जादा दिवस धरले आणि रविवार लिहिला. मी विचारलं, 29 फेब्रुवारी या दोन तारखांच्या मध्ये येते का? ती थबकली, कारण ती तर आदल्याच दिवशी होऊन गेलेली, मध्ये 365 दिवसच, म्हणजे एकच जादा दिवस, शनिवार. "लीप वर्ष म्हणजे दोन" एवढंच पाठ केलं की ही चूक होणारच, नुसतं वर्ष बघायचं नाही, 29 फेब्रुवारी मध्ये येते का ते बघायचं.

पण सगळीकडे मोजू नका हं. 4 ते 5 च्या दरम्यान काटे एकमेकांवर कधी येतात असं विचारलं की बोटाने मोजून 21 पूर्णांक 9/11 मिनिटं मिळणार नाहीत, तिथे 120 भागिले 5.5 च करावं लागतं. शंभर-दोनशे वर्षांचं अंतर असेल तरी जादा दिवसांचा हिशोबच बरा. बाकी वेळ दिलेली असून कोन विचारला, किंवा वर्षभराच्या आतल्या तारखा असल्या, तर मी मोजायलाच सांगते.

पुढच्या वेळी ती पेपर घेऊन आली तेव्हा 10:20 च्या प्रश्नाशेजारी छोटासा गोल होता, 10 ते 4 सहा घरं, 180 मधून 10 वजा, आणि खाली 170 लिहिलेलं.